रिले शर्यतीतील बॅटनची देवघेव
(केंद्रातील शिक्षकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सन २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ येथील ऑलिंपिक स्पर्धेत पुरुषांच्या चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यतीत जपानचा संघ दुसरा आला. त्याची वेळ ३७.६० सेकंद होती. त्या दिवसापर्यंत या चौघा जपानी धावपटूंपैकी एकानेही शंभर मीटर अंतर दहा सेकंदांच्या आत कापले नव्हते. त्यांच्या मागोमाग अमेरिकेचा संघ आला आणि त्या संघात दहा सेकंदांच्या आत धावणारे नामांकित धावपटू होते. पुढे पंचांनी अमेरिकेचा संघ बादही ठरविला. माईक रॉजर्सकडून बॅटन घेताना जस्टिन गॅटलिनचा हात नेमलेल्या पट्ट्याची सीमा येण्याच्या आधीच बॅटनला लागला होता, एवढेच कारण त्यास पुरले. एकाच शर्यतीत मंद धावणाऱ्यांनी बॅटनच्या बळावर रौप्यपदक मिळविले आणि वेगवान धावणाऱ्यांचे श्रम बॅटनपायी वाया गेले. आपल्या शाळेत चार विलक्षण वेगवान मुले एकाच वर्षी क्वचितच सापडतात. म्हणून ही देवघेव कशी शिकवावी, याविषयी आज थोडे तपशिलात शिरून बोलावे असे मी योजिले आहे.

प्रथम शर्यतीची व्यवस्था पाहू. चार धावपटूंपैकी प्रत्येकाने शंभर मीटर धावावयाचे. जेथे एकाने दुसऱ्यास बॅटन द्यावयाचा तेथे तीस मीटर लांबीचा पट्टा आखलेला असतो. त्यास आपण बदलपट्टा म्हणू. शंभर मीटरच्या रेषेच्या अलीकडे वीस मीटर आणि पलीकडे दहा मीटर अशी त्याची मांडणी असते. जुन्या पुस्तकांतून हा पट्टा वीस मीटरांचा व त्याच्या अलीकडे नुसते धाव घेण्यासाठी दहा मीटर, असे लिहिलेले आढळेल. २०१७ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नियम बदलला व ते दहा मीटर पट्ट्यातच सामील झाले. चार गुणिले चारशे मीटर शर्यतीत मात्र पट्टा अद्याप वीस मीटरांचाच आहे. आपल्याकडील तालुक्याच्या किंवा केंद्राच्या मैदानावर फक्कीने आखणी करणाऱ्याने कोणता नियम धरला आहे, हे शर्यतीपूर्वी पंचांस विचारून घ्यावे. लहान मुलांची शर्यत पन्नास-पन्नास मीटरांची असेल तर पट्टाही आखूड असू शकतो.

आता नियमाचा गाभा. देवघेव पट्ट्यातच झाली की नाही हे बॅटनवरून ठरते. धावपटूंचे पाय किंवा शरीर कोठे आहे याला या बाबतीत महत्त्व नाही. घेणाऱ्याचा हात बॅटनला प्रथम लागला त्या क्षणी देवघेव सुरू झाली आणि बॅटन केवळ त्याच्याच हाती उरला त्या क्षणी संपली. हे दोन्ही क्षण पट्ट्याच्या आत पडले पाहिजेत. घेणाऱ्याने धावण्यास आरंभही पट्ट्याच्या आतूनच करावयाचा असतो.

यावरून शिक्षकाच्या लक्षात येईल की, खरी गोष्ट बॅटनचा वेग ही आहे. देणारा दमलेला असला तरी पूर्ण वेगात येतो; घेणारा उभा असतो. उभ्याच्या हाती बॅटन दिला तर बॅटन क्षणभर थांबतो आणि मग पुन्हा हळूहळू वेग घेतो. घेणारा योग्य वेळी सुटला आणि बॅटन हाती पडेपर्यंत देणाऱ्याइतक्याच वेगाने धावू लागला, तर बॅटनला माणूस बदलल्याचे जाणवतही नाही. यास्तव शिकविण्याचा मुख्य भाग हाताचा नसून सुटण्याच्या क्षणाचा आहे. बॅटन खाली पडला की आपण मुलाच्या हाताला दोष देतो. परंतु बहुतेक वेळा दोघांचे वेग जुळलेले नसतात आणि हात बिचारे ती चूक भरून काढण्याच्या धडपडीत असतात.

येथे आमच्या मुलांची एक सवय आड येते. खो-खो हा खेळ त्यांच्या अंगात मुरलेला असतो. पाठीवर थाप आणि त्याच क्षणी ‘खो’ असा शब्द मिळाल्यावाचून बसलेल्याने उठावयाचे नाही, हे ते पहिलीपासून शिकतात. पाठीमागून येणाऱ्याकडे न पाहता त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची ही सवय रिलेमध्ये अत्यंत उपयोगी आहे. परंतु स्पर्श होईपर्यंत जागेवर थांबण्याची सवय मात्र तितकीच घातक आहे. रिलेमध्ये स्पर्शाच्या पुष्कळ आधी सुटावे लागते. हा भेद मुलांस स्पष्ट शब्दांत सांगावा: खो-खोमध्ये खो मिळाल्यावर उठावयाचे, रिलेमध्ये खूण ओलांडली की सुटावयाचे.

ही खूण म्हणजे काय व ती कोठे करावी, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, सातवीतील दोन मुली आहेत. एक देणारी, दुसरी घेणारी. धानाची कापणी होऊन कडक झालेल्या एखाद्या बांधीत शंभर मीटरची सरळ धावपट्टी आखा व शेवटी तीस मीटरांचा पट्टा काढा. प्रथम देणारीस पूर्ण अंतर धावावयास लावून तिच्या शेवटच्या वीस मीटरांचा वेळ घ्या. भ्रमणध्वनीतील घड्याळही यास चालते. तो वेळ तीन सेकंद आला असे धरू. म्हणजे तिचा वेग सेकंदाला सुमारे ६.६७ मीटर झाला. ती थकलेली असतानाचा हा वेग हवा. ताजीतवानी असताना घेतलेला आकडा येथे कामाचा नाही.

मग घेणारीचा वेळ घ्या. तिला पट्ट्याच्या आरंभी उभी करा आणि काही मीटर मागे जमिनीवर एक खूण करा. दुसरे एखादे मूल त्या खुणेवरून धावत जाईल. त्याचा पाय खुणेवर पडताच घड्याळ सुरू करा व तिनेही त्याच क्षणी सुटावे. पट्ट्यात वीस मीटर आत गेल्यावर घड्याळ थांबवा. पाहून सुटण्यास लागणारा विलंबही अशा रीतीने वेळेत धरला जातो. तीन-चार वेळा घेऊन मधला आकडा धरा. तो ३.९ सेकंद आला असे समजू.

बॅटन पट्ट्याच्या आरंभापासून वीस मीटरवर द्यावा, असे आपण ठरविले आहे. तेथे घेणारीचा वेग पुरेसा वाढलेला असतो आणि चूक झाल्यास पुढे दहा मीटर शिल्लक राहतात. मुलांच्या शर्यतीत हे दहा मीटर मी उधळू देणार नाही. देवघेवीच्या क्षणी दोघींचे हात लांब केलेले असल्याने त्यांच्या शरीरांमध्ये सुमारे एक मीटर अंतर राहते. म्हणजे घेणारी वीस मीटरवर असताना देणारी एकोणीस मीटरवर असावयास हवी. या ३.९ सेकंदांत देणारी ६.६७ मीटर वेगाने २६ मीटर धावते. त्यांतून १९ वजा केले की ७ उरतात. पट्ट्याच्या आरंभापासून सात मीटर मागे खूण करावी. घेणारीचे पाऊल तेवीस सेंटिमीटर लांब असेल, तर टाचेला अंगठा लावून मोजलेली ही तीस पावले होतात.

हा हिशेब किती नाजूक आहे तेही पाहा. त्याच मुलीचे शेवटचे वीस मीटर एखाद्या दिवशी तीनऐवजी ३.२ सेकंदांत झाले, तर ती ३.९ सेकंदांत केवळ २४.४ मीटर धावते आणि खूण सातऐवजी ५.४ मीटरवर यावयास हवी. वेळेत दोन दशांश सेकंदांचा फरक पडला, तर खूण सुमारे सात पावले सरकते. म्हणून जोडी बदलली की खूण बदलते. पहाटेच्या दवाने ओली झालेली जमीन, समोरचा वारा, अनवाणी पाय किंवा नवे बूट यांनीही ती बदलते. आकडेमोडीने मिळालेली खूण ही केवळ सुरुवात समजावी व पुढे डोळ्यांनी दुरुस्त करावी.

दुरुस्तीचा नियम साधा आहे. देणारी जवळ येऊन आदळली किंवा तिला पाय आवरावे लागले, तर घेणारी उशिरा सुटली. खूण आणखी मागे न्यावी. देणारी गाठू शकली नाही आणि घेणारीस वेग कमी करावा लागला, तर ती लवकर सुटली. खूण पट्ट्याजवळ आणावी. एका वेळी दोनहून अधिक पावले सरकवू नयेत. एक विद्यार्थी पट्ट्याच्या कडेस बसवावा आणि बॅटन प्रत्यक्ष जेथे हातात पडला तेथे त्याने एक काडी रोवावी. चार-पाच काड्या एकमेकींच्या जवळ पडल्या, तर जोडी जुळत आली असे समजावे. त्या विखुरलेल्या असतील, तर खूण हलवून उपयोग नाही. घेणारी प्रत्येक वेळी निराळ्याच क्षणी सुटत आहे आणि तिला खुणेवर नजर ठेवावयास शिकविले पाहिजे. पूर्ण वेगातील असे प्रयत्न दिवसाकाठी चार-पाचच करावेत. त्यापुढे देणारी थकते व तुम्ही थकलेल्या मुलीची खूण शोधू लागता.

घेणारी उभी कशी राहते? एक पाय पुढे, अंग किंचित पुढे झुकलेले आणि मान खांद्यावरून मागे वळलेली. नजर खुणेवर ठेवावयाची. देणारीच्या चेहऱ्याकडे किंवा बॅटनकडे पाहावयाचे नाही. पाय खुणेवर पडताच मान वळवून समोर पाहत पूर्ण जोराने धावावयाचे. ‘न पाहता घेणे’ याचा अर्थ सुटल्यानंतर न पाहणे, एवढाच आहे. धावत असता दोन्ही हात नेहमीप्रमाणे हलू द्यावेत. सुटल्याबरोबर एक हात मागे पसरून धावणारी मुले पुष्कळ दिसतात. ती एका हाताने धावतात व वेग गमावतात. देणारी दोन-तीन टांगांवर आली की तिने एकच शब्द ओरडावा आणि मग घेणारीने हात मागे करून तो स्थिर ठेवावा. शब्द एकाक्षरी असल्यास उत्तम. ‘हात’ हा शब्द बरा आहे, परंतु शेजारच्या पट्टीतील संघही तोच ओरडत असेल तर घोटाळा होतो. ज्या शाळेत मुले घरी गोंडी बोलतात, तेथे हाताला असलेला ‘कै’ हा शब्द घेण्यास काय हरकत आहे? मुलांच्या कानांना तो ओळखीचा आहे आणि लांबवून मोठ्याने ओरडता येतो.

हातात हात कसा द्यावा याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत घेणाऱ्याचा हात कमरेजवळ मागे, तळवा खाली व अंगठा बोटांपासून फाकलेला असतो. देणारा बॅटन खालून वर सरकवितो. रिओत जपानी संघाने हीच रीत वापरली. हात धावण्याच्या सहज हालचालीतून फारसा बाहेर जात नाही, हा तिचा गुण. दोष दोन आहेत. धावपटू परस्परांच्या फार निकट येतात, आणि प्रत्येक वेळी बॅटनचा मधला भाग हातात येत गेल्याने चौथ्या मुलास पकडावयास फारसे काही उरत नाही. दुसऱ्या रीतीत हात मागे जवळजवळ खांद्याच्या उंचीपर्यंत लांब, तळवा वर. देणारा बॅटनचे पुढचे टोक तळव्यात ठेवतो. यात मघाचे ते एक मीटर अंतर मिळते आणि बॅटनची टोके आलटून पालटून हातात येत असल्याने तो आखूड पडत नाही. हात मागे हलत राहिला तर मात्र देणाऱ्यास नेम साधत नाही. अनवाणी धावणारी मुले एकमेकांच्या टाचांवर पाय देऊन पडतात, हे ध्यानी घेता आपल्या शाळांसाठी मी ही दुसरी रीत पसंत करतो. कोणतीही रीत घ्या, परंतु चौघांस एकच शिकवा.

हातांचा क्रम असा ठेवावा: पहिल्याच्या उजव्या हातात, दुसऱ्याच्या डाव्या, तिसऱ्याच्या उजव्या व चौथ्याच्या डाव्या. मधे हात बदलावयाचा नाही. पहिला व तिसरा वळणावर आपल्या पट्टीच्या आतील कडेने धावतात, आणि त्यांच्याकडून घेणारे दुसरा व चौथा बाहेरील कडेस उभे राहतात. तिसरा घेणारा आतील कडेस असतो. असे केल्याने कोणी कोणाच्या मार्गात येत नाही. वर्गाबाहेरील पटांगणात चौघांस दोन हातांच्या अंतराने एकामागे एक उभे करून, जागेवरच हात हलवीत, शब्दावर बॅटन पुढे देण्याचा सराव रोज पाच मिनिटे करता येतो. मग चालत, मग हलके धावत. पूर्ण वेग सर्वांत शेवटी.

पाहून घेणे केव्हा योग्य? चार गुणिले चारशे मीटर शर्यतीत देणारा शेवटी इतका थकतो, की त्याचा वेग आधी सांगता येत नाही. तेथे खुणेचा हिशेब फसतो. म्हणून घेणारा मागे पाहत, येणाऱ्याच्या वेगाचा अंदाज घेत हळूहळू धाव घेतो, आतील बाजूस वळून डावा हात मागे करतो, बॅटन डोळ्यांनी पाहून घेतो आणि मग उजव्या हातात बदलतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्ट येथे ज्या शर्यतीत भारतीय पुरुष संघाने २ मिनिटे ५९.०५ सेकंद हा आशियाई विक्रम केला, ती याच प्रकारची होती. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत महिलांच्या संघाने या शर्यतीत रौप्यपदक मिळविले, त्यात महाराष्ट्राची ऐश्वर्या मिश्रा होती. चौथी-पाचवीच्या मुलांस मी शंभर मीटरच्या किंवा त्याहून लहान शर्यतीतही पाहूनच घ्यावयास शिकवीन. थोडा वेळ जाईल, पण बॅटन हातात राहील. सहावीपासून पुढे खुणेची रीत सुरू करावी.

किती वेळ वाया जातो हे मोजता येते. बॅटन पट्ट्यात शिरल्यापासून पट्ट्याबाहेर पडेपर्यंतचा वेळ घ्या. वर सांगितलेल्या देणारीच्या वेगाने तीस मीटर ४.५ सेकंदांत कापले जातात. घड्याळ ५.१ दाखवीत असेल तर ०.६ सेकंद गेले. तीन बदलांत १.८ सेकंद, म्हणजे याच वेगाने शेवटच्या रेषेवर सुमारे बारा मीटर. घेणारीला हळू सोडले तर बॅटन पडणार नाही, पण बारा मीटर जातील. जोराने सोडले तर ते मिळतील, पण धोका वाढेल. २०२१ मध्ये टोकियो येथे स्वतःच्या देशातील ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत त्याच जपानच्या संघाचा पहिलाच बदल जमला नाही व संघ शर्यत पूर्ण करू शकला नाही. धोका किती पत्करावयाचा हे शिक्षकाने प्रत्येक जोडीसाठी ठरवावयाचे आहे. विखुरलेल्या काड्यांच्या जोडीस खूण दोन पावले जवळ द्यावी. थोडा वेळ जाईल, पण बॅटन पोहोचेल.

बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलावा, असा नियम आहे. त्यासाठी तो आपली पट्टी सोडून जाऊ शकतो, मात्र दुसऱ्या कोणास अडथळा होता कामा नये आणि धावावयाचे अंतर कमी होता कामा नये. घाबरून दुसऱ्याने उचलल्यामुळे संघ बाद होतो. म्हणून सरावात मुद्दाम दोन-तीनदा बॅटन पाडून उचलावयास लावावे.

सामानाची अडचण आपल्याकडे नाही. नियमाप्रमाणे बॅटन गुळगुळीत व पोकळ, २८ ते ३० सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर जाडीचा आणि निदान ५० ग्रॅम वजनाचा असतो. सरावासाठी पोकळ बांबूचा तेवढाच तुकडा कापून, गाठी व कडा कानशीने घासून घ्याव्यात. कूस राहिली तर हात फाटतो. २०२३ च्या डिसेंबरात बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडासंकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. तेथील कृत्रिम धावमार्गावर किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेस मुले घेऊन जाल, तेव्हा तेथील जमीन बांधीपेक्षा निराळी असेल. आदल्या दिवशी तेथे दोन-तीन प्रयत्न करून खूण पुन्हा तपासावी. धावपटूस आपल्या पट्टीत एकच खूण करता येते. कृत्रिम मार्गावर ती चिकटपट्टीने करावयाची असते, आणि पट्टी पाच सेंटिमीटर रुंद व चाळीस सेंटिमीटर लांबीपेक्षा मोठी चालत नाही. पावलांनी मोजताना घाईत मुले चुकतात. तीन जोड्यांच्या तीन सुतळ्या, प्रत्येकीस त्या जोडीच्या अंतरावर गाठ मारून, शिक्षकाने खिशात ठेवाव्यात. सुतळीचे एक टोक पट्ट्याच्या आरंभरेषेवर धरले की गाठीपाशी खूण येते.